गाडीत कॅमेरा बसवताना शेठने काय लिहावं

ट्रान्सपोर्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा वेळी जो मेसेज पडतो तो साधारण असा असतो: ‘सर्व ड्रायव्हरना कळविण्यात येते की उद्यापासून सर्व गाड्यांना स्पीड अलर्ट व कॅमेरा चालू होत आहे. ८० च्या वर गाडी गेल्यास ५०० रु. दंड. कॅमेऱ्याला हात लावल्यास १००० रु. दंड. हुकूमावरून.’ खाली वीस अंगठे येतात. दोन दिवसांनी एका गाडीतल्या कॅमेऱ्यावर रुमाल पडतो, दुसऱ्या गाडीची जीपीएसची वायर ‘उंदराने’ कुरतडलेली निघते, आणि शेठ म्हणतो, ही मंडळी सुधारणार नाहीत.

मला यात दोष मेसेजचा दिसतो. चार ओळींत त्याने एक बेकायदा गोष्ट केली, एक निरुपयोगी आकडा दिला, आणि ड्रायव्हरला ज्याची खरी काळजी होती त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बेकायदा गोष्ट म्हणजे दंड. पगारातून दंड कापायचा तर कोणत्या चुकीला तो लागेल हे आधी जाहीर करावं लागतं, त्या यादीला सरकारी मंजुरी लागते, माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगाराच्या मुदतीतला एकूण दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं आणि नव्या वेतन संहितेतही तसंच आहे. वीस हजार पगाराच्या ड्रायव्हरला महिन्याला सहाशेच्या वर दंडच बसत नाही. एका ट्रिपमध्ये तीन अलर्ट आले म्हणून हिशेबातून दीड हजार उडवणारा मालक ८० चा नियम शिकवताना स्वतः दुसरा नियम मोडत असतो.

मग मेसेज कसा असावा? उदाहरणासाठी चाकणमधला वीस-बावीस गाड्यांचा मालक घेऊ. कारखान्यातले सुटे भाग भिवंडीच्या गोदामात आणि नाव्हा-शेवा बंदरावर पोचवायचे, येताना मिळेल ते रिटर्न भाडं उचलायचं, असा धंदा. म्हणजे गाड्यांचं निम्मं आयुष्य मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि बोरघाटात जातं. अशा मालकाने पहिला परिच्छेद वेगावर लिहावा, आणि तो काहीसा असा असावा:

‘गाडीला स्पीड गव्हर्नर आहेच, तो ८० ला तोडतो. तरी अलर्ट का, असं तुम्ही विचाराल. गव्हर्नर फक्त इंजिनाचं डिझेल कमी करतो. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने पळते तेव्हा त्याचं काही चालत नाही. आणि रस्ता कोणता आहे हे त्याला कळत नाही. म्हणून रस्त्याप्रमाणे अलर्ट ठेवला आहे.’

ही पाच-सहा वाक्यं ५०० रुपयांच्या धमकीपेक्षा जास्त काम करतात, कारण ड्रायव्हरच्या मनातला पहिला प्रश्न तोच असतो. ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या बहुतेक व्यापारी वाहनांना गव्हर्नर सक्तीचा झाला. मालवाहू ट्रकला ८०, टँकर, डंपर आणि शाळेच्या बसला ६०. पण २०१८ मध्ये केंद्राने रस्त्याच्या प्रकारानुसार ज्या कमाल मर्यादा ठरवल्या त्यात मालवाहू गाडीला ८० फक्त एक्सप्रेसवेवर आणि दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर आहे. शहरातल्या आणि इतर रस्त्यांवर ती ६० आहे, आणि स्थानिक यंत्रणा बोर्ड लावून ती आणखी खाली आणू शकते. चाकणच्या एमआयडीसीतल्या रस्त्यावर ७५ ने जाणाऱ्या ट्रकबद्दल गव्हर्नरची काही तक्रार नसते, आणि ८० चा एकच अलर्ट लावलेला असेल तर ऑफिसचीही नसते.

घाटात तर ८० चा आकडा अगदीच बिनकामाचा. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना अवजड गाडीची मर्यादा बरीच खाली आहे. बोर्डावर जो आकडा असेल तोच अलर्टमध्ये भरायचा. नकाशावर त्या पट्ट्याभोवती रेघ आखून ‘इथे इतकंच’ असं सॉफ्टवेअरला सांगता येतं. ते काम दहा मिनिटांचं असतं, आणि बहुतेक ठिकाणी कोणी केलेलं नसतं. पण घाटात निव्वळ वेगाच्या अलर्टलाही खरा धोका दिसत नाही. तो असतो न्यूट्रलमध्ये. उतारावर गिअर काढून गाडी सोडली की डिझेल वाचतं, हे ज्ञान उस्तादाकडून किन्नरकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेलं आहे. जुन्या पंपाच्या इंजिनांत त्यात थोडं तथ्य असेलही. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेलचा पुरवठा बंद होतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिनाचा रोध गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. ड्रम तापले की लायनर पकडत नाही. पायाखाली पेडल नेहमीसारखं लागतं, हवेचा काटाही ठीक असतो, आणि गाडी थांबत नाही.

ज्या गाडीचं ट्रॅकिंग इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे तिथे ही गोष्ट पकडता येते: गाडी ५० ने उतरते आहे आणि इंजिनाचे फेरे मात्र आयडलवर आहेत, म्हणजे गिअर काढलेला आहे. नुसत्या जीपीएसला हे कळत नाही. शेठने आपल्याकडे यातलं काय आहे ते मेसेजमध्ये सरळ सांगावं. ‘घाट ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल टाकली तर आम्हाला इंजिनाच्या आकड्यांत दिसतं. ॲव्हरेज एखाद्या पॉइंटने कमी पडलं तर घाटाच्या ट्रिपला कोणी विचारणार नाही.’ शेवटचं वाक्य नसेल तर आधीच्या दोहोंना अर्थ नाही. ड्रायव्हर न्यूट्रल टाकतो तो हौसेने नव्हे. महिनाअखेरीस डिझेलच्या हिशेबात लिटरमागे किलोमीटर त्यालाच भरून द्यावे लागतात.

इथून आपण मूळ मुद्द्यावर येतो. वेगाचा अलर्ट ड्रायव्हरच्या पायावर लक्ष ठेवतो, पण त्या पायाला घाई कोण करतं? समजा, गाडी चाकणहून भरून निघायची दुपारी दोनला. कारखान्यातलं लोडिंग लांबलं, बिल्टी हातात पडली साडेतीनला. भिवंडीच्या गोदामात गाडी घ्यायची वेळ संध्याकाळी सातची, ती चुकली तर उद्या सकाळ. ऑफिसातून सुपरवायझरचा फोन: ‘भाऊ, काहीही करा, सातच्या आत लावा.’ हे ‘काहीही करा’ म्हणजे काय ते दोघांनाही माहीत असतं.

आता हिशेब करून पाहा. एक्सप्रेसवे साधारण ९५ किलोमीटरचा. घाट, टोल, गर्दी सगळं विसरून पूर्ण रस्ता ८० ने काटला तर ७१ मिनिटं लागतात. ९० ने काटला तर ६३. म्हणजे कुठेही ब्रेक न लावता नियम मोडत गेलं तरी हातात पडतात आठ मिनिटं. प्रत्यक्षात तीही पडत नाहीत, कारण घाटात सगळ्यांची चाल एकच आणि टोलची रांग वेग विचारून पुढे सरकत नाही. लोडिंगमध्ये गेलेला दीड तास स्टिअरिंगवर भरून निघत नाही. हा हिशेब मेसेजमध्ये जसाच्या तसा टाकावा. ड्रायव्हरसाठी आणि त्याहून जास्त सुपरवायझरसाठी.

कायदाही या फोनकडे दुर्लक्ष करत नाही, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगमर्यादा मोडण्याबद्दल आहे. मध्यम आणि अवजड वाहनाला २ ते ४ हजार रुपये दंड, आणि पुन्हा सापडल्यास लायसन्स जप्त. पण हे कलम गाडी चालवणाऱ्यापाशी थांबत नाही. आपल्या नोकराला मर्यादा मोडून गाडी चालवायला लावणाराही त्यात येतो. आणि त्याच्याच चौथ्या पोटकलमात म्हटलं आहे की अमुक वेळेत पोचा अशी सूचना दिली, आणि मर्यादा पाळून तेवढ्या वेळेत पोचणं शक्य नव्हतं असं कोर्टाला वाटलं, तर ती सूचनाच सूचना देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. ‘काहीही करा, सातच्या आत लावा’ हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवणाऱ्याने ते वाचून ठेवावं.

म्हणून चांगल्या मेसेजमध्ये एक ओळ अशी हवीच: ‘लोडिंगला उशीर झाला तर गेटवरून बाहेर पडल्याची वेळ ग्रुपवर टाका. पार्टीशी नवी वेळ ऑफिस ठरवेल. उशिराबद्दल तुम्हाला कोणी फोन करणार नाही.’ ही ओळ लिहिणं शेठला जड जातं, कारण तिने ऑफिस बांधलं जातं.

फोनवरून आणखी एक. अलर्ट आला की ऑफिसात बसलेला मुलगा काय करतो? ड्रायव्हरला फोन लावतो. म्हणजे ८५ ने चाललेल्या लोड गाडीतल्या माणसाला आपण मोबाइल उचलायला लावतो, आणि त्याने तो उचलला की आतला कॅमेरा ‘मोबाइल वापर’ म्हणून दुसरा अलर्ट पाठवतो. हे मी विनोद म्हणून सांगत नाही, असं होतं. केबिनमध्ये बझर वाजतो तेवढा त्या क्षणाला पुरेसा आहे. बाकीचं बोलणं गाडी खाली झाल्यावर.

अलर्ट खोटेही येतात, आणि हे शेठने आधीच कबूल केलं नाही तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या यंत्रणेवरचा विश्वास उडतो. समजा, यंत्र दर दहा सेकंदांनी वेग पाठवतं आणि एका ओळीत आकडे दिसतात: ६२, ६४, ११७, ६३. ऑफिसातला माणूस ११७ पाहून उडतो. ज्याने लोड गाडी चालवली आहे तो हसतो. भरलेला ट्रक दहा सेकंदांत ६४ वरून ११७ वर जाईल असं इंजिन अजून कोणी बनवलेलं नाही. कामशेत, माडप, भातान यांच्या बोगद्यांत उपग्रहाचा सिग्नल तुटतो, बाहेर पडताना यंत्र आपली जागा पुन्हा शोधतं, आणि त्या गोंधळात असा एखादा आकडा उडतो. घाटात कड्यावर आपटून आलेला सिग्नलही तेच करतो. ओळखायचं कसं? आधीचा आणि नंतरचा आकडा पाहायचा, आणि नकाशावर तो ठिपका रस्त्यावर आहे की बाजूच्या झाडीत, ते पाहायचं. एकटाच उंच आकडा आणि सरकलेला ठिपका म्हणजे यंत्राची चूक. खरा ओव्हरस्पीड हळूहळू चढतो: ७६, ८१, ८४, ८६, ८५. म्हणून नियमच असा ठेवावा की ८० ओलांडल्यावर केबिनमध्ये बझर वाजेल, पण ऑफिसात नोंद होईल ती सलग पंधरा-वीस सेकंद वर राहिल्यावरच. ओव्हरटेक पुरा करताना क्षणभर ८२ ला गेलेल्या माणसाला कोणी चोर ठरवू नये.

दुसरी नेहमीची चूक सर्व्हिस रोडची. हायवे आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी धावतात, नकाशा गाडीला चुकून सर्व्हिस रोडवर टाकतो, आणि ७० ने चाललेल्या गाडीवर कमी मर्यादेचा अलर्ट येतो. एकाच जागी वेगवेगळ्या ड्रायव्हरना तोच अलर्ट येत असेल तर तिथे दोष माणसांचा नाही, नकाशाचा आहे.

आता कॅमेरा. डॅशकॅमला बहुधा दोन डोळे असतात. एक रस्त्याकडे, एक केबिनकडे. दोन्हींबद्दल एकाच परिच्छेदात लिहू नये, कारण ड्रायव्हरला पहिला हवा असतो आणि दुसरा नको असतो.

पहिला का हवा असतो ते सांगायला नको. रस्त्यावर काहीही झालं की दोष मोठ्या गाडीचा, आणि गर्दी कोणाचं ऐकून घेत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर रस्त्यावर उतरले ते नव्या न्याय संहितेतल्या १०६(२) या पोटकलमामुळे. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद अशी ती तरतूद. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पण भीती गेलेली नाही. समोरची कार कशी घुसली हे दाखवणारी वीस सेकंदांची फिल्म अशा वेळी ड्रायव्हरच्या बाजूने बोलते.

पण ती फिल्म आपोआप हातात राहत नाही, आणि मेसेजमध्ये खरी जागा या गोष्टीला द्यायला हवी. कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चित्रण चढतं. १२८ जीबीच्या कार्डात दोन लेन्सचं स्वच्छ चित्रण साधारण पंधरा-वीस तास मावतं, म्हणजे चालत्या गाडीचे दोन दिवस. जोराचा ब्रेक किंवा धक्का बसला की आतला सेन्सर त्याच्या आधीचे-नंतरचे काही सेकंद वेगळे जपून ठेवतो. अडचण ही की रिकामी गाडी खड्ड्यात आदळली तरी त्याला तो अपघातच वाटतो, आणि दुचाकीला हलका धक्का लागला तर लोड गाडीला तो जाणवतच नाही. म्हणून हाताने दाबायचं बटण कुठे आहे ते प्रत्येकाला दाखवावं लागतं. मेसेजमधलं वाक्य असं: ‘काही घडलं, किंवा घडता घडता राहिलं, किंवा कोणी आडवा येऊन भांडला, तर गाडी बाजूला लावून लाल बटण दाबा आणि ऑफिसला कळवा. मोठा अपघात असेल तर कार्ड कोणालाही काढू देऊ नका. पोलिसांनी मागितलं तर द्या, लेखी पोच घ्या, आणि लगेच कळवा.’

मालकाच्या बाजूचं एक काम आहे, ते ड्रायव्हर करू शकत नाही: कॅमेऱ्याचं घड्याळ. पुष्कळ कॅमेरे आंतरराष्ट्रीय वेळेवर येतात आणि तसेच बसवले जातात. मग रात्री सव्वाअकराला घडलेला अपघात फिल्मवर संध्याकाळी पावणेसहाचा दिसतो, आणि समोरचा वकील विचारतो की ही फिल्म त्या अपघाताची कशावरून. साडेपाच तासांचा फरक दिसला की समजावं, भारताची वेळ लावलेली नाही. कोर्टात अशी फिल्म द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटांचा ठसा म्हणावा असा आकडा, नोंदवावा लागतो. फाईल जराही बदलली की ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवर टाकलेली क्लिप आकुंचन पावते, तिचा ठसा मूळ फाईलशी जुळत नाही. म्हणून ग्रुपवर क्लिप फिरवण्याआधी मूळ कार्ड बाजूला काढून ठेवायचं.

आतला डोळा मात्र खरोखर नाजूक. ट्रकची केबिन ऑफिस नसते. माणूस तिथेच झोपतो, कपडे बदलतो, डबा खातो, उदबत्ती लावतो, रात्री बायकोशी बोलतो. तिथे कॅमेरा बसवून ‘हात लावल्यास दंड’ एवढंच लिहिलं, तर त्यावर रुमाल पडणारच. इथे शेठने वचन द्यावं आणि ते पाळता येईल अशा यंत्रणेतच द्यावं: इग्निशन बंद झालं की आतली लेन्स बंद. आवाजाचं रेकॉर्डिंग कायमचं बंद. लाइव्ह चित्र कोणी पाहणार नाही. फक्त अलर्ट आलेल्या क्लिप, त्याही दोनच ठरलेली माणसं पाहतील. कोणाचीही क्लिप ग्रुपवर जाणार नाही. झोप लागलेल्या ड्रायव्हरची फिल्म हसण्यावारी फिरवणारा सुपरवायझर त्या दिवसापुरता कॅमेऱ्याचा धंदाच बुडवतो.

आतला कॅमेरा डोळे मिटणं, जांभई, मोबाइल, सीटबेल्ट अशा गोष्टी टिपतो. तोही चुकतो. काळा गॉगल लावला की त्याला डोळे दिसत नाहीत. गोदामात रिव्हर्स घेताना माणूस मिनिटभर आरशात पाहत असतो, त्याला ते ‘लक्ष विचलित’ वाटतं. ताशी दहा-पंधराच्या खाली हा अलर्ट बंद ठेवता येतो, आणि ठेवावा. झोपेचा अलर्ट मात्र कधीही हलक्यात घेऊ नये. पण तो आला की विचारायचा प्रश्न ‘झोपलास कसा?’ हा नाही. गाडी किती वाजता सुटली आणि हा माणूस त्याआधी किती झोपला होता, हे ऑफिसच्या नोंदीत पाहायचं. सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्धा तास विश्रांती ही तरतूद १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून आहे. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान एकाच ड्रायव्हरचे दोन अलर्ट आले, तर त्याची पुढची ट्रिप रात्रीची लावायची नाही. ‘झोप आली तर पंपावर किंवा ढाब्यावर गाडी लावा, लोकेशन टाका आणि झोपा, त्या उशिराचं उत्तर मी देईन,’ हे शेठने आपल्या नावाने लिहावं.

शेवटी मेसेज पोचवायचा कसा, हा प्रश्न. या लाईनवर मराठी ड्रायव्हर आहेत तसे उत्तर प्रदेश-बिहारचेही आहेत, आणि लांबलचक मजकूर कोणी वाचत नाही. शेठने स्वतःच्या आवाजात मराठी आणि हिंदी दोन व्हॉइस नोट पाठवाव्यात, आणि पहिले पंधरा दिवस अलर्ट फक्त पाहायचे, कोणाला काही बोलायचं नाही, असं जाहीर करावं. त्या पंधरा दिवसांत नकाशाच्या चुका सापडतात. राहतो तो बदली ड्रायव्हर. तो कोणत्याच ग्रुपवर नसतो, रात्री दहाला चावी हातात पडते आणि गाडी निघते. त्याच्यासाठी सनव्हायझरच्या मागे चार ओळींचं स्टिकर लावावं: बझर कशाचा, लाल बटण कुठे, आतली लेन्स कधी बंद होते, आणि उशीर झाला तर फोन कोणाला करायचा.